औषध दुकानदाराला महिन्याच्या औषधांवर सवलत मागणारं पत्र – मसुदा बघून सांगाल का?

माहुलीकर

नमस्कार मंडळी.

मी ७१ वर्षांचा, एसटीच्या विभागीय कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो. राहायला साताऱ्यात. पेन्शन ईपीएस-९५ची, महिना २,९४० रुपये. मुलगा पुण्यातून पैसे पाठवतो, त्याचं काही कमी नाही, पण औषधांचा खर्च दर महिन्याला त्याच्यापुढे मांडायचं जिवावर येतं.

आम्हा दोघांची औषधं अशी आहेत. माझी बीपीची गोळी (टेल्मिसार्टन आणि ॲमलोडिपिन एकत्र असलेली), १५च्या दोन पट्ट्या, ३४० रुपये. कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन, दोन पट्ट्या, १७०. हिची शुगरची दोन औषधं एकत्र असलेली गोळी, दिवसाला दोन, म्हणजे चार पट्ट्या, ५२०. हिच्या इन्सुलिनची दोन कार्ट्रिज, ९६०. कॅल्शियमच्या दोन पट्ट्या, २४०. बेरीज २,२३०.

आजवर पट्टी संपली की जायचं आणि घेऊन यायचं, असं चाललं होतं. दुकान गल्लीच्या तोंडाशीच आहे, चौदा वर्षांचा संबंध. आता हायवेला एक मोठं दुकान झालंय, बाहेर ‘२० टक्के सूट’ असा फलक आहे. शेजारचे दोघंतिघं तिकडे जाऊ लागले. मला जायचं नाही. दोन वर्षांपूर्वी रात्री अकराला हिची शुगर एकदम उतरली, हातपाय थरथरायला लागले, तेव्हा आमच्या दुकानदाराने शटर वर करून ग्लुकोजची पुडी दिली होती. पैसे दुसऱ्या दिवशी घेतले. ते मी विसरू शकत नाही.

काउंटरवर चार माणसं उभी असताना सवलतीचं बोलायला संकोच वाटतो, म्हणून पत्र द्यायचं ठरवलं. मसुदा असा:

> मा. महोदय,
> सविनय नमस्कार. मी आपला गेली १४ वर्षे नियमित ग्राहक आहे. मी व माझी पत्नी दोघेही ज्येष्ठ नागरिक असून उत्पन्नाचे साधन अत्यल्प पेन्शन आहे. औषधांचा मासिक खर्च रु. २,२३० इतका आहे. महागाईच्या काळात हा खर्च झेपत नाही. तरी आमच्या वयाचा व परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून सर्व औषधांवर किमान १५ टक्के सवलत मिळावी, ही नम्र विनंती. सर्व औषधे दरमहा ५ तारखेला एकदम व रोखीने खरेदी करू.
> आपला विश्वासू

भाषा ठीक आहे ना? जास्त मागतोय का?

---

दिगंत_७

काका, विनंती कसली करता? ज्येष्ठ नागरिकांना सवलत हा हक्क आहे. रेल्वेत मिळायची तशी औषधातही असते. सरळ लिहा की नियमाप्रमाणे सवलत द्या, नाहीतर एफडीएकडे तक्रार करू.

---

शीतल_इस्लामपूर

दिगंत, असा नियम नाही हो. छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही एवढं कायद्यात आहे. त्याच्या खाली किती यायचं हे दुकानदारावर आहे. तक्रारीची भाषा लिहिली तर काकांचा चौदा वर्षांचा संबंध एका कागदाने तुटेल.

काका, मी स्वतः फार्मासिस्ट. नवऱ्यासोबत बावीस वर्षं दुकान चालवते. म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूने सांगते. तुमचं पत्र वाचून मला वाईट वाटलं असतं, पण १५ टक्के मी देऊ शकले नसते. का, ते तुमच्याच बिलावर मांडून दाखवते.

औषधं दोन जातीची असतात. सरकारने ज्यांची कमाल किंमत बांधून दिली आहे ती, आणि बाकीची. तुमचं इन्सुलिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन पहिल्या यादीत येतात. त्या किमतीत दुकानदाराचा नफा १६ टक्के धरलेला असतो, पण तो खरेदीच्या किमतीवर. म्हणजे मी १०० ला घेते आणि ११६ ला विकते. विक्रीच्या बाजूने बघितलं तर १३.८ टक्केच पडतात. शिवाय तुम्ही देता त्या छापील किमतीत ५ टक्के जीएसटी आहे, तो माझा नाही. या दोन औषधांचे तुम्ही ११३० देता, त्यात दुकानाला सुटतात साधारण १४८ रुपये.

बीपीची जोडगोळी, शुगरची जोडगोळी आणि कॅल्शियम त्या यादीबाहेर. तिथे आमच्या धंद्यात २० टक्क्यांची पद्धत आहे. कर वजा जाता ११०० रुपयांवर २१० च्या आसपास सुटतात.

दोन्ही मिळून ३५८. तुमचे १५ टक्के होतात ३३४. म्हणजे २,२३० रुपयांचा माल देऊन दुकानात उरले २४ रुपये. त्यात भाडं, कामावरच्या पोराचा पगार, इन्सुलिनच्या फ्रिजचं वीजबिल. तो नाही म्हणाला तर कंजूस आहे म्हणून नव्हे.

---

माहुलीकर

शीतलताई, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटायचं औषधात निम्मा नफा असतो. मग त्या हायवेच्या दुकानाला २० टक्के कसे परवडतात?

---

रानजाई

त्या २० टक्क्यांचं मी सांगते, कारण आईच्या बाबतीत भोगलंय. आमच्याकडेही असाच फलक असलेलं दुकान होतं. आईची मेटफॉर्मिन एसआर होती, म्हणजे हळूहळू विरघळणारी. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “हीच गोळी आहे, कंपनी वेगळी, स्वस्त पडेल.” बिलावर २० टक्के सूट दिसली, आम्ही खूश. आठ दिवसांत आईला जुलाब, मळमळ, जेवण जाईना. डॉक्टरांनी पट्टी उलटून पाहिली तर नावापुढे ‘एसआर’ नव्हतंच. साधी गोळी दिली होती. औषध तेच, पण ते एकदम पोटात उतरत होतं.

तेव्हापासून मी सूट नंतर बघते. आधी जुनी पट्टी आणि नवी पट्टी शेजारी ठेवून नाव, आकडा आणि पुढची दोन अक्षरं जुळतात का ते बघते.

---

शीतल_इस्लामपूर

रानजाई, नेमकं बोललात. मोठ्या दुकानांचं दोन प्रकारे जमतं. एक तर त्यांची खरेदी मोठी, स्टॉकिस्टकडून दहा डब्यांवर एक फुकट अशा स्कीम मिळतात. दुसरं म्हणजे काही कंपन्यांच्या गोळ्यांवर छापील किंमत भरपूर असते आणि दुकानाला त्या फार कमी दरात पडतात. त्यावर २० काय, ४० टक्के सोडले तरी दुकान फायद्यात. पण डॉक्टरांनी लिहिलेल्या ब्रँडवर, आणि त्यातही इन्सुलिनवर, फलकावरची सूट बऱ्याचदा लागू नसते. काका, विचारून बघा.

आणि चिठ्ठीवरच्या औषधाऐवजी दुसरं औषध परस्पर द्यायला आम्हाला परवानगी नाही. आत तेच द्रव्य असलं तरी नाही. डॉक्टरांना विचारावं लागतं.

---

सह्याद्रीपुत्र

माहुलीकर, जीएसटी १२ चा ५ झाला २२ सप्टेंबर २०२५ पासून. म्हणजे ७ टक्के सवलत तुम्हाला अशीच मिळायला हवी. ती मागा, वर आणखी ५ मागा, १२ झाले.

---

शीतल_इस्लामपूर

अर्धं बरोबर आहे. पूर्वी १०० वर १२ कर लागून ११२ व्हायचे, आता १०५ होतात. म्हणजे ग्राहकाला फरक सव्वासहा टक्क्यांचा. आणि ती सवलत नव्हे, ती किंमतच कमी झाली. एखाद्याने जुन्या छाप्याची पट्टी दाखवून “६ टक्के डिस्काउंट दिला” म्हटलं तर त्याने पदरचं काही दिलेलं नाही. काकांच्या इन्सुलिनला यातलं काहीच लागू नाही, त्यावर आधीपासून ५ टक्केच होता.

---

अण्णा_वाईकर

मी सीजीएचएसवाला. माझी बिलं परत मिळायला चार चार महिने लागतात, कुणाला काही उपाय माहीत आहे का? वेलनेस सेंटरवर औषध नाही म्हणून बाहेरून घ्या म्हणतात आणि मग कागद मागतात. फार त्रास आहे.

---

रानजाई

अण्णा, त्यासाठी वेगळा धागा काढा ना, इथे काकांचं पत्र राहून जाईल.

---

मी_मुक्ता

काका, सवलतीच्या मागे कशाला लागायचं? जनऔषधी केंद्रात जा. माझ्या बाबांची बीपी आणि कोलेस्टेरॉलची औषधं तिथून घेतो, बिल निम्म्याहून खाली आलं. तीन वर्षं झाली, बीपी नीट आहे.

---

माहुलीकर

मुक्ता, मी एकदा गेलो होतो. माझ्या चिठ्ठीवर ब्रँडचं नाव होतं, ते म्हणाले डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून आणा. डॉक्टर म्हणाले, तुमचं बसलेलं आहे ते कशाला हलवता. तिथेच राहिलं.

---

शीतल_इस्लामपूर

मुक्ताचं म्हणणं मी खोडणार नाही, माझ्या धंद्याच्या विरुद्ध असलं तरी. ॲटोरव्हास्टॅटिनसारखी एकेरी गोळी तिथे खूप स्वस्त मिळते. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना परत विचारा. बदललीच तर पंधरा दिवसांनी बीपी मोजा आणि कोलेस्टेरॉल तीन महिन्यांनी बघा. सगळं एकदम बदलू नका, एका वेळी एकच औषध. मग काही झालं तर कशामुळे झालं ते कळतं.

आता पत्राकडे येते. काका, तुम्ही तुमची गरज लिहिलीत. दुकानाला तुमच्याकडून काय मिळणार ते शेवटच्या एका ओळीत उरकलंत, आणि खरं वजन तिथेच आहे. आमच्या धंद्यात नुकसान कुठे होतं? गिऱ्हाईक येतं, “चार गोळ्या द्या” म्हणतं. पट्टी कापली. उरलेल्या अकरा गोळ्या पडून राहिल्या, तारीख गेली. कापलेली पट्टी स्टॉकिस्ट परत घेत नाही. महिन्याच्या शेवटी माझ्या ड्रॉवरमध्ये अशा तुकड्यांचा ढीग असतो, कुणावर बॅच नंबर उरलेला नाही, कुणावर तारीख नाही. ते सगळं खिशातून जातं. तुम्ही अख्ख्या पट्ट्या घेणार असाल तर तुमच्या बाबतीत हे नुकसान शून्य.

दुसरं, तुम्ही कधी आणि काय नेणार हे मला आधी कळलं तर मी तेवढंच मागवते. माझे पैसे मालात अडकत नाहीत. इन्सुलिनला तर फारच फरक पडतो. फ्रिजमध्ये दोन कार्ट्रिज कुणासाठी ठेवायची हे ठाऊक असलं की तारीख जवळ आलेला माल राहत नाही.

म्हणून हे लिहा. अख्ख्या पट्ट्या, तीन दिवस आधी यादी, तोच ब्रँड. आणि आकडा एकच मागू नका. इन्सुलिन सोडून बाकीच्या १,२७० वर १० टक्के आणि इन्सुलिनवर ५ टक्के मागा. १२७ आणि ४८, मिळून १७५. दुकानाला १८३ उरतात. जवळजवळ निम्मे निम्मे झाले. असं कुणी मला लिहून दिलं तर मी हो म्हणेन.

---

धनंजय_ठाणे

दोन गोष्टी घाला. बिल हिशेबाने रुग्णाच्या नावाचं हवं, त्यावर बॅच नंबर आणि एक्सपायरी हवी. आणि रोखीचं काढा. आईवडील ज्येष्ठ आहेत आणि त्यांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या औषधांवर केलेला खर्च मुलाला प्राप्तिकरात ५० हजारांच्या मर्यादेत वजावट म्हणून दाखवता येतो. पण पैसे रोखीने दिलेले चालत नाहीत. आणि मुलगा जुन्या करपद्धतीत असला तरच. वर्षाला तुमचे पंचवीस हजारांच्या आसपास होतात. पैसे मुलाच्याच खात्यातून यूपीआयने गेले तर उत्तम.

---

माहुलीकर

विमा नाही. मुलाला काल विचारलं, तो जुन्याच पद्धतीत आहे, घराचं कर्ज आहे म्हणून. हे त्यालाही माहीत नव्हतं. मी रोख लिहिलं होतं ते दुकानदाराला बरं वाटावं म्हणून.

---

शीतल_इस्लामपूर

आता रोख काय आणि यूपीआय काय, आम्हाला सारखंच. उधारी नको एवढंच.

अजून एक. तुम्ही ५ तारीख लिहिली आहे. पट्ट्या ३० दिवसांच्या, महिने ३१चेही असतात. बारा वेळा नेलं की ३६० दिवसांचं औषध झालं, पाच दिवस उघडे पडले. ४ तारखेला बीपीची गोळी नाही असं होऊ देऊ नका. पहिल्या वेळी माझ्या हिशेबाने एकेक पट्टी जास्तीची घ्या. दिवसाला दोन लागणाऱ्या गोळीच्या दोन. ती घरात राखीव. दर महिन्याला नवी आली की राखीव आधी वापरायला काढायची आणि नवी राखीव ठेवायची, म्हणजे तारीख जात नाही.

---

रानजाई

आणि डोस बदलला तर? आईचा मध्येच ४० चा ८० केला होता, दोन पट्ट्या तशाच राहिल्या.

---

शीतल_इस्लामपूर

न कापलेली पट्टी, बिल सोबत आणि बॅच जुळत असेल तर बरेच दुकानदार ओळखीत बदलून देतात. इन्सुलिन एकदा दुकानाबाहेर गेलं की मी परत घेत नाही, कारण ते २ ते ८ अंशांत राहिलं की नाही हे मला कळायला मार्ग नाही. म्हणून तपासणी महिन्याच्या शेवटी असेल तर खरेदी तपासणीनंतर करा. तीन महिन्यांचं एकदम घेऊन जास्त सूट मागणारे असतात, शुगरवाल्यांना मी ते करू देत नाही.

---

माहुलीकर

दोन दिवस बसून पुन्हा लिहिलं. हिने वाचून ‘हा खर्च झेपत नाही’ ही ओळ काढायला लावली. म्हणाली, आपण भीक मागत नाही, घेतोय.

> नमस्कार भाऊ,
> चौदा वर्षे आमची औषधे तुमच्याकडून घेतो. पुढेही तुमच्याकडूनच घ्यायची आहेत. आजवर पट्टी संपेल तशी घेत होतो, आता महिन्याचे सगळे एकदम घ्यायचा विचार आहे. साधारण रु. २,२३०चे होते. यादी व चिठ्ठीची प्रत सोबत जोडली आहे.
> आमच्याकडून असे राहील: पट्ट्या अख्ख्या घेऊ, कापून मागणार नाही. तीन दिवस आधी यादी फोनवर पाठवू. पैसे त्याच वेळी यूपीआयने, उधारी नाही. ब्रँड बदलणार नाही. डॉक्टरांनी बदलला तर लगेच कळवू.
> तुमच्याकडून विनंती अशी: इन्सुलिन सोडून इतर औषधांवर १० टक्के व इन्सुलिनवर ५ टक्के सवलत मिळावी. माल किमान सहा महिने पुढच्या तारखेचा असावा. एखादी कंपनी मिळत नसेल तर दुसरी देण्याआधी आम्हाला विचारावे, आम्ही डॉक्टरांना विचारून सांगू. बिल रुग्णाच्या नावाने, बॅच नंबरसह मिळावे.
> यातले जे जमेल ते सांगा. नाही जमले तरी आपला व्यवहार आहे तसाच राहील.

---

शीतल_इस्लामपूर

काका, शेवटची ओळ फार छान आहे. आता काही बदलू नका. दुपारी दोनच्या सुमारास द्या, दुकानात गर्दी नसते.

---

सह्याद्रीपुत्र

मला अजून वाटतं १२ मागायला हवे होते. मागताना थोडं जास्तच मागावं, मग तो कमी करतो.

---

माहुलीकर (अकरा दिवसांनी)

मंगळवारी दुपारी पत्र दिलं. त्याने उभ्या उभ्या वाचलं, मग स्टूल पुढे केलं, बसा म्हणाला. यादीवर पेनने प्रत्येक औषधापुढे टिका मारल्या. गोळ्यांवर १० टक्के मान्य. कॅल्शियमवर आपणहून १२ म्हणाला, त्यात त्याला जास्त सुटतं म्हणे. इन्सुलिनवर मात्र नाही. म्हणाला, “काका, पाच टक्के सोडले तर मला त्यात काही राहत नाही, तो फ्रिज चोवीस तास चालवायचा आहे.” मी ताईंचा हिशेब बोललो नाही. त्याबदल्यात त्याने सांगितलं की यादी आल्यावर इन्सुलिन तो स्टॉकिस्टकडून त्याच दिवशी आणवेल आणि बर्फाच्या पाकिटासह घरी पोचवेल. हिला उन्हातून आणायची काळजी होती, ती गेली.

कालचं पहिलं बिल २,०९८ चं आलं. १३२ रुपये वाचले. राखीव पट्ट्या पुढच्या महिन्यात घेणार आहे, या वेळी एकदम नाही जमलं.

शीतलताई, इन्सुलिनवर खरंच काही राहत नाही का? की मी पुन्हा विचारून बघू?

---

शीतल_इस्लामपूर

राहतं, पण थोडं, आणि ते कंपनी कोणती यावरही असतं. काही कंपन्या लहान दुकानांना इन्सुलिन रोखीनेच देतात, माल परत घेत नाहीत. त्याचं खरं असू शकतं. घरपोच आणतोय, तेही बर्फात, त्याचे पैसे धरा. मी सहा महिने तरी विचारणार नाही.

---

मी_मुक्ता

मी विचारेन. पण आधी ॲटोरव्हास्टॅटिनचं डॉक्टरांना विचारा काका, तिथे १७० पैकी १७ नाही, शंभराच्या वर वाचतील.

---

माहुलीकर

तपासणी २८ तारखेला आहे. चिठ्ठी घेऊन जातो आणि इथे सांगतो.